पुसण्याआधी विचारा : हे नाव कोणाचे?

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीतल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मागणी हमखास येते. "कोणीतरी या फोटोवरचा लोगो काढून द्या रे, बॅनर आज रात्री छापायला जातोय." पाच मिनिटांत कोणीतरी तो काढूनही देतो. मोबाइलच्या ॲपमध्ये बोट फिरवले की नाव गेले, वॉटरमार्क गेला, फोटो 'क्लीन' झाला. या 'क्लीन' शब्दाबद्दलच आम्हाला बोलायचे आहे. फोटोवरचे एखाद्याचे नाव ही घाण असते, असे आपण कधीपासून मानायला लागलो?

गैरसमज नको. फोटोवरचे प्रत्येक अक्षर जपलेच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. काही अक्षरे बेलाशक पुसावीत. काही तर पुसलीच पाहिजेत. पण 'पुसता येते का?' हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण आज सगळेच पुसता येते. खरा प्रश्न आहे, 'हे नाव कोणाचे, आणि ते इथे कशासाठी आहे?' याचे उत्तर मिळाले की पुढचा निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका मंडळाला जयंतीसाठी दहा फूट रुंद फ्लेक्स करायचा आहे. त्यावर चार फोटो जाणार आहेत. पहिला, मंडळाने सुरू केलेल्या वाचनालयाचा, कार्यकर्त्याने स्वतःच्या मोबाइलवर काढलेला. कोपऱ्यात तारीख आणि मोबाइल कंपनीचे नाव उमटले आहे. दुसरा, बाबासाहेबांचा १९३० च्या दशकातला कृष्णधवल फोटो. कोटावर कुठल्याशा फेसबुक पेजचा लोगो मारलेला आहे. तिसरा, गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचा. खाली उजवीकडे तो काढणाऱ्या पोराचे नाव आहे. चौथा, निळ्या झेंड्यांच्या गर्दीचा. फोटो विकणाऱ्या वेबसाइटवरून उतरवलेला, आणि त्यावर आडवातिडवा वॉटरमार्क आहे. चारही फोटोंवर 'अक्षरे' आहेत. चारही फोटोंचे उत्तर मात्र वेगळे आहे.

पहिला फोटो सोपा. फोटो आपला, तारीख मोबाइलने टाकलेली, कंपनीचे नाव म्हणजे फुकटची जाहिरात. खुशाल पुसा. पण नीट पुसा. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. आधी मूळ फाइलची प्रत करून ठेवा. प्रत उघडून Shift+Ctrl+D ने लेयरची नक्कल करा, म्हणजे मूळ चित्र खाली शाबूत राहते. फोटो १०० टक्के आकारात पाहा. H दाबून हील टूल घ्या, Ctrl धरून जवळच्या स्वच्छ भिंतीवर क्लिक करा आणि अक्षराच्या रेषेपेक्षा जेमतेम जाड ब्रशने एकेक अक्षर भरा. एकच लांब फराटा मारू नका. तारीख जिथे कपाटाच्या कडेवरून जाते तिथे हील टूल गडद रंग ओढून डाग पाडते. तिथे C दाबून क्लोन टूल घ्या आणि त्याच कडेचा पुढचा तुकडा जुळवून बसवा. शेवटी वरच्या लेयरचा डोळा बंद-चालू करून फरक पाहा आणि Shift+Ctrl+E ने नव्या नावाने फाइल काढा. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका.

ही सगळी खटपट सांगण्यामागे कारण आहे. पुसणे म्हणजे वरचा थर काढून खालचे खरे चित्र उघडे करणे, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. ठळक अक्षरांच्या खाली काही उरलेलेच नसते. सॉफ्टवेअर आजूबाजूचे ठिपके पाहून तिथे काय असावे याचा अंदाज बांधते आणि तो रंगवते. साध्या भिंतीवर किंवा आभाळावर हा अंदाज खपून जातो. चेहरा, हात, पाटीवरची अक्षरे किंवा गर्दी यांवर तो खोटा ठरतो. बोटे सहा होतात, पाटीवरची अक्षरे भलतीच बनतात, एकच डोके दोनदा दिसते. मोबाइलवर हे लक्षात येत नाही. १६०० ठिपके रुंदीचा फोटो दहा फुटांवर ताणला की एक ठिपका जवळपास दोन मिलिमीटरचा होतो. साठ ठिपके रुंद लोगो पुसलेला डाग फ्लेक्सवर साडेचार इंचांचा दिसतो. मग चौकात उभा असलेला प्रत्येक माणूस ओळखतो की इथे काहीतरी पुसले आहे.

आता दुसरा फोटो, बाबासाहेबांचा. इथे कार्यकर्ते चिडतात आणि त्यांचे चिडणे रास्त आहे. ज्या पेजने हा फोटो काढला नाही, जपला नाही, त्याने बाबासाहेबांच्या कोटावर स्वतःचा लोगो मारावा हा कुठला अधिकार? कायद्यानेही तो अधिकार नाही. १९३० च्या दशकात मुंबईत काढून तेव्हाच छापलेल्या फोटोच्या कॉपीराइटची मुदत तेव्हाच्या नियमाने ५० वर्षांची होती. ती १९८० च्या दशकातच संपली. असा फोटो सगळ्यांचा झाला. त्यावर शिक्का मारल्याने कोणी मालक होत नाही, आणि तो शिक्का काढल्याने कोणाचा हक्क जात नाही.

तरीही आमचा सल्ला आहे की तो शिक्का पुसू नका, शिक्का नसलेली प्रत शोधा. गूगल लेन्स किंवा टिनआय यांवर फोटो टाकला की त्याच्या मोठ्या आणि जुन्या प्रती सापडतात. विकिमीडिया कॉमन्सवर बाबासाहेबांचे अनेक फोटो आहेत, आणि प्रत्येकाखाली तो कुठून आला व त्याच्या हक्काची स्थिती काय हे लिहिलेले असते. शोधायला दहा मिनिटे लागतात. कोटावरचा लोगो पुसला तर तिथला खिसा, पेन, गुंडी हे सगळे सॉफ्टवेअरच्या अंदाजाने भरले जाईल. मग तोच बनावट तुकडा पुढच्या हजार ग्रुपमध्ये 'दुर्मिळ फोटो' म्हणून फिरेल. आपल्या इतिहासाचा पुरावा आपणच भेसळ करून वाटायचा का?

इथे दोन इशारे द्यावे लागतील. जुन्या फोटोवर बेतलेले नवे चित्र, एखाद्या चित्रकाराने केलेले पोर्ट्रेट, ही नवी कलाकृती असते. त्यावरची सही म्हणजे कुठल्या पेजचा लोगो नव्हे. आणि १९५० च्या दशकातल्या फोटोंबाबत सरसकट बोलू नये. १९९२ मध्ये मुदत ५० वरून ६० वर्षांची झाली. २०१२ च्या दुरुस्तीने फोटोंसाठीचे वेगळे कलमच वगळले, त्यामुळे आता फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून त्या काळातला फोटो घेताना तो कोणी काढला आणि कधी छापला हे पाहूनच घ्यावा.

तिसऱ्या फोटोपाशी आमचे खरे भांडण आहे. मिरवणुकीचा फोटो, कोपऱ्यात आपल्याच पोराचे नाव. "आपलाच आहे, त्याला काय विचारायचे?" असे म्हणून सगळ्यात आधी त्याचेच नाव पुसले जाते. मोठ्या एजन्सीचा वॉटरमार्क पाहून हात थबकतो, आणि वस्तीतल्या पोराचे नाव मात्र सहज जाते. हा योगायोग नाही. ज्याची तक्रार करण्याची ताकद कमी, त्याचे श्रम बिननावाचे करण्याची ही जुनी सवय आहे. ती सवय आपण कोणाकडून उचलली, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इथे काही मित्र म्हणतात, "आम्ही त्याला पैसे दिले होते, फोटो मंडळाचा झाला." हा मुद्दा निम्मा खरा आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक फोटो काढून घेणारा ठरतो. म्हणजे छापण्याचा हक्क मंडळाचा. पण त्याच कायद्याचे कलम ५७ सांगते की ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो, मालकी दुसऱ्याकडे गेली तरीही. पैसे देऊन फोटो विकत घेता येतो. तो कोणी काढला हे सत्य विकत घेता येत नाही. आणि मोबदला दिलाच नसेल, पोराने हौसेने फोटो काढून ग्रुपवर टाकला असेल, तर मालकीही त्याचीच आहे. ग्रुपवर टाकणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे.

यावर तोडगा अगदी स्वस्त आहे. एक निरोप पाठवा : "जय भीम भाऊ. तू काढलेला मिरवणुकीचा फोटो यंदाच्या बॅनरवर घ्यायचा आहे. कोपऱ्यातले नाव मजकुराच्या आड येते, म्हणून खालच्या पट्टीत 'छायाचित्र' असे लिहून तुझे नाव देतो. चालेल का? जमल्यास नाव नसलेली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव." निम्म्याहून अधिक वेळा तोच मूळ, मोठी, स्वच्छ फाइल आनंदाने पाठवतो. पुसायची वेळच येत नाही, छपाईही चांगली होते आणि नावही राहते. फक्त दिलेला शब्द पाळा. खालच्या पट्टीतले नाव वाचता येईल एवढे मोठे छापा.

चौथा फोटो, वॉटरमार्कचा. तिथे आम्ही स्पष्ट सांगतो, हात लावू नका. तो वॉटरमार्क म्हणजे 'हा नमुना आहे, अजून विकलेला नाही' अशी पाटी असते. "आम्ही कुठे धंदा करतोय, समाजकार्य आहे," हे उत्तर इथे पुरत नाही. कलम ६३ खाली हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय सबळ कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, पण त्याने गुन्हा नाहीसा होत नाही. बातमी, टीका, समीक्षा, संशोधन यांसाठी कलम ५२ मध्ये सवलत आहे. शुभेच्छा-बॅनर त्यात बसवणे कठीण आहे.

त्याहून महत्त्वाचे कलम ६५ब आहे आणि ते आपल्या डिझायनर मित्रांना क्वचितच माहीत असते. २०१२ मध्ये आलेल्या या कलमाप्रमाणे कृतीवरची हक्कविषयक माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढणे किंवा बदलणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ती माहिती काढलेली आहे हे ठाऊक असताना प्रत लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यालाही तीच शिक्षा. हक्कविषयक माहिती म्हणजे काय, हे कायदा सांगतो : कृतीचे शीर्षक, कर्त्याचे नाव, हक्कधारकाचे नाव-पत्ता, वापराच्या अटी. फोटोवर छापलेले नाव या व्याख्येत बसते, असे आमचे वाचन आहे. आता व्यवहाराची बाजू पाहा. नकळत कोणाचा फोटो वापरला असे एखादा म्हणू शकतो. पण नाव शोधून, झूम करून, ब्रशने पुसल्यावर 'मला माहीत नव्हते' हे कोण मानणार? पुसणे हाच जाणिवेचा पुरावा होतो.

शिवाय पुसून लपतही नाही. फाइलच्या आत नाव असू शकते. ते असे पाहता येते :

```
exiftool -a -G1 -s photo.jpg
```

यातल्या Artist, Copyright, Credit अशा ओळींत कर्त्याचे नाव निघते. फाइलमधून तेही गेले असेल तरी उलट शोधात मूळ फोटो सापडतोच. त्यापेक्षा झेंड्यांच्या गर्दीचा फोटो आपल्याच पोरांकडून काढून घ्या. बाबासाहेबांच्या सार्वजनिक ठिकाणच्या कायमस्वरूपी पुतळ्याचा फोटो काढायला आणि छापायला कलम ५२ मध्ये मुभा आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा फोटोही घेता येतो. फक्त त्यातल्या बहुतेक परवान्यांची पहिली अट कर्त्याचे नाव देणे हीच असते. नाव वगळले की परवाना संपतो.

"एवढ्याशा नावाने काय होते?" असे विचारणाऱ्यांनी हैतीच्या डॅनियल मोरेल यांचे प्रकरण वाचावे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. मोरेल हे पोर्ट-ओ-प्रिन्सचे छायाचित्रकार. त्याच दिवशी त्यांनी उद्ध्वस्त शहराचे फोटो काढले आणि ट्विटरला जोडलेल्या ट्विटपिकवर टाकले. फोटोंच्या अंगावर नाव नव्हते. ते बाजूला, त्यांच्या खात्यापाशी होते. शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एकाने ते फोटो उचलून स्वतःचे म्हणून टाकले. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने ते तिथून घेतले आणि गेटी इमेजेसमार्फत जगभर गेले, त्या दुसऱ्याच्या नावाने. नंतर श्रेय दुरुस्त करण्याच्या आणि फोटो मागे घेण्याच्या सूचना निघाल्या. पण चुकीच्या नावाच्या सगळ्या प्रती मागे आल्या नाहीत.

पुढचे अधिक बोलके आहे. मोरेल यांच्या वकिलाने आक्षेप घेतल्यावर एएफपीनेच आधी न्यूयॉर्कच्या न्यायालयात मोरेलविरुद्ध दावा लावला. सोशल मीडियावर टाकलेला फोटो आम्हाला वापरता येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने एएफपी आणि गेटी यांनी हेतुपुरस्सर हक्कभंग केल्याचे ठरवून मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलर देवविले. अमेरिकेचा कायदा आणि तिथल्या भरपाईच्या रकमा वेगळ्या, हे खरे. आम्हाला त्यातून घ्यायची गोष्ट रकमेची नाही. नाव फोटोपासून सुटले की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसऱ्याचे नाव येऊन बसते, आणि बहुधा ते अधिक ताकदवानाच्या यंत्रणेतून फिरते. आज मिरवणुकीच्या फोटोवरचे पोराचे नाव आपण पुसले, की उद्या तोच फोटो कुणा नेत्याच्या आयटी सेलच्या लोगोसह आपल्याकडेच परत येतो. तेव्हा 'हा आमच्या पोराचा फोटो' म्हणायला आपल्याकडे काय उरते?

शेवटी एक प्रकार वेगळा काढून सांगतो, कारण तिथे चूक झाली तर बॅनर नव्हे, केस बिघडते. अत्याचाराच्या घटनास्थळी कार्यकर्ते जीपीएस कॅमेरा ॲपने फोटो काढतात. खाली गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ छापलेली असते. पोस्टर करताना ही पट्टी 'विद्रूप' दिसते म्हणून पुसली किंवा कापली जाते. असे करायचे असेल तर प्रतीवरच करा. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तिथे तशीच राहू द्या, आणि वकिलाला द्यायची प्रत व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि फाइलच बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत भरायची असते. विंडोजवर ती अशी निघते :

```
certutil -hashfile photo.jpg SHA256
```

एक ठिपका जरी बदलला तरी ही किंमत पूर्ण बदलते. म्हणून आधी हॅश काढून लिहून ठेवा, मग प्रतीवर काम करा. मूळच पुसलेले असेल तर समोरचा वकील एकच प्रश्न विचारेल : "एवढे पुसले, अजून काय काय पुसले?" आणि त्याचे उत्तर पीडिताला द्यावे लागेल.

याच फोटोंमध्ये काही अक्षरे अशी असतात जी पुसलीच पाहिजेत. घराच्या दारावरची पीडितेच्या कुटुंबाची पाटी, शाळेच्या गणवेशावरचे नाव, टेबलावर पडलेले आधार कार्ड. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांसाठी पॉक्सोचे कलम २३ आहे. इथे हलकासा धूसरपणा पुरत नाही, त्यातून अक्षरे ओळखता येतात. गच्च काळा चौकोन टाका, थर एकत्र करून नवी फाइल काढा आणि तीच पाठवा.

म्हणजे पुसण्याचे कौशल्य वाईट नाही. पीडितेचे नाव झाकायला ते वापरले तर संरक्षण होते. ज्याने उन्हात उभे राहून आपला मोर्चा टिपला त्याचे नाव काढायला वापरले तर लूट होते. ब्रश तोच असतो. या जयंतीला प्रत्येक मंडळाने बॅनर छापायला देण्याआधी त्यावरच्या प्रत्येक फोटोचा कर्ता कोण, हे एका कागदावर लिहून काढावे. ज्या फोटोपुढे नाव लिहिता आले नाही, तो फोटो एक तर शोधावा, नाही तर वगळावा. ज्यांच्यापुढे नाव आले, त्यांची नावे बॅनरवर छापावीत.

जय भीम!